गहू फुकट आला, पण ताट कितीला पडलं?

उत्सव संपला की दोन-तीन दिवसांनी देवळाच्या पारावर हिशेब वाचला जातो. वर्गणी इतकी, देणगी इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी. हजार माणसं जेवली, खर्च पस्तीस हजार झाला, म्हणजे ताट पस्तीस रुपयांत पडलं. ऐकणारे समाधानानं मान हलवतात, कारण पस्तीस रुपयांत बाहेर पुरी, वरण, भात, भाजी आणि बुंदी असं पोटभर जेवण मिळत नाही. गहू, तूर आणि थोडा तांदूळ गावानंच दिला होता, म्हणून हे जमलं असं सगळेच म्हणतात. पण ज्या धान्यामुळं जमलं म्हणायचं, ते धान्य त्या हिशेबात एका ओळीतही नसतं. असा काढलेला आकडा चुकीचा तर असतोच. पण त्याच्यावरून पुढच्या वर्षी गावाकडून काय मागायचं आणि फळ्यावर कुणाचं नाव लिहायचं, हेही चुकीचं ठरतं.

उदाहरणासाठी वणी तालुक्यातलं राजूर घेऊ. हे निव्वळ शेतीचं गाव नाही. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांच्याभोवती वाढलेली ही वस्ती आहे. लोक राजूर कॉलरी म्हणूनच ओळखतात. इथं काही घरं पगारावर किंवा रोजीवर जगतात आणि काही शेतीवर. शेतीही कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि गहू यांची. धानाचा पट्टा पूर्वेला, चंद्रपूर-भंडारा-गोंदियाकडं. त्यामुळं इथल्या महाप्रसादाला तूर आणि गहू दानात येतो, तांदूळ बहुतेक विकत घ्यावा लागतो आणि खाणीतल्या घरांकडून रोख वर्गणी येते. दान असं दोन रूपांत येत असल्यामुळं हिशेबाचा प्रश्न इथं जास्त टोकदार होतो. उत्सव हनुमान जयंतीचा धरू. चैत्री पौर्णिमेला गहू नुकताच घरात आलेला असतो, तूर त्याआधीच निघालेली असते. देणाऱ्याचा हात तेव्हा सैल असतो. हाच महाप्रसाद श्रावणात ठेवला, तर पोत्यांची संख्या निम्म्यावर येईल.

पुढचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी मी धरलेले आहेत. भाव दरवर्षी बदलतात, रीत बदलत नाही.

हजार पानांचा स्वयंपाक. माणशी शंभर ग्रॅम कणीक, ऐंशी ग्रॅम तांदूळ, पस्तीस ग्रॅम तूरडाळ, आलू-वांग्याच्या भाजीसाठी सव्वाशे ग्रॅमच्या आत भाजी आणि चाळीसेक ग्रॅम बुंदी. म्हणजे कणीक १०० किलो. चाळणं, निवडणं आणि चक्कीतली घट धरून त्याला १०५ किलो गहू लागतो. तांदूळ ८० किलो, त्यातला २० किलो घराघरांतून आलेला आणि ६० किलो विकतचा. डाळ ३५ किलो. आलू ६० किलो, वांगी ६० किलो. बुंदीला १२ किलो बेसन आणि २० किलो साखर.

आता रोख खर्च. तांदूळ ४५ रुपयांनी २,७००. भाजी ३,३००. बेसन आणि साखर मिळून १,९६०. तेलाचे पंधरा किलोंचे तीन डबे, २,२०० रुपयांनी ६,६००. तिखट-मीठ-मसाला, गूळ, सांबार असं किरकोळ २,०००. गव्हाचं दळण आणि तुरीची डाळ करून घेण्याची मजुरी ९२५. गॅसची दोन मोठी सिलिंडरं ३,६००. आचारी आणि त्याचे मदतनीस ६,०००. मंडप आणि भांड्यांचं भाडं ४,०००. पाण्याचा टँकर ८००. पत्रावळी, द्रोण, पेले ३,०००. एकूण ३४,८८५. हजार पानं, म्हणून पस्तीस रुपये. पारावर वाचला जातो तो हाच आकडा.

यात दानाचं धान्य घालायचं, तर त्याला भाव कुठला लावायचा? इथंच वाद होतो. एक जण म्हणतो, देवाला दिलेल्याला भाव लावू नये. दुसरा म्हणतो, बाजार समितीत मिळाला असता तो लावा. तिसरा म्हणतो, किराणा दुकानात जो आहे तो लावा. पहिल्याचं म्हणणं श्रद्धेचं आहे आणि ते दात्यानं म्हणावं. हिशेब ठेवणाऱ्याला ते म्हणता येत नाही. राहिलेले दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त जागा ओळखावी लागते. जे धान्य नसतं तर उत्सव समितीला विकत आणावं लागलं असतं, त्याची किंमत म्हणजे वाचलेला खर्च, म्हणून तिथं दुकानाचा भाव. जे धान्य गरजेपेक्षा जास्त आलं आणि शेवटी विकावंच लागणार, त्याची किंमत म्हणजे विकून हाती येणारी रक्कम, म्हणून तिथं बाजार समितीचा भाव. २०२५-२६ च्या रब्बी खरेदी हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. हमीभावाची खरेदी नसेल तिथं व्यापारी त्याच्या वरखाली देतो. दुकानात तोच गहू तीस रुपये किलो. एकाच गंजीतल्या पहिल्या १०५ किलोंना तीस आणि उरलेल्यांना चोवीस असा भाव लावणं विचित्र वाटतं, पण तेच खरं आहे.

तुरीत हा नियम तपासून पाहता येतो. पन्नास किलो तूर दानात आली. तिची डाळ सत्तर टक्क्यांच्या आसपास पडते, म्हणजे ३५ किलो. बाकी चुनी आणि फोल. तुरीचा भाव ७५ धरला, तर ३,७५० रुपयांची तूर आणि ४०० रुपये मजुरी, म्हणजे डाळ जवळपास ११९ रुपये किलोनं पडली. दुकानात डाळ १२० ला आहे. दोन्ही बाजूंनी आकडा जुळला, म्हणजे भाव बरोबर लावला. हे आकडे फार लांब पडले, तर समजायचं की डाळ कमी उतरली, तूर ओली होती किंवा मापात घोटाळा आहे.

मापाचा घोटाळा नेहमीचा आहे. वहीत लिहिलेलं असतं, ‘गहू चार पायल्या, तूर दोन पायल्या’. पायली हे आकारमान आहे. त्यात गहू वेगळ्या वजनाचा बसतो, तूर वेगळ्या, आणि दोन गावांच्या पायल्याही सारख्या नसतात. धान्य आलं की बारदाना वजा करून काट्यावर ठेवायचं आणि किलोत लिहायचं. नाही तर पुढचा सगळा हिशेब अंदाजाचा.

आणखी एक अडचण आठवडाभर आधीच लक्षात घ्यावी लागते. तुरीची डाळ एका दिवसात होत नाही. तिला तेल-पाणी लावायचं, उन्हात वाळवायचं, मग भरडायचं. उत्सवाच्या तीन दिवस आधी आलेली तूर त्या उत्सवाला उपयोगी पडत नाही. मग ती दुकानदाराला देऊन बदल्यात डाळ घ्यावी लागते, आणि दुकानदार दहा किलोंना सात किलो देत नाही, साडेसहावर थांबतो. ती अर्ध्या किलोची घट कुणाच्याच वहीत दिसत नाही.

तांदळाचं वेगळंच. घराघरांतून आलेला २० किलो तांदूळ म्हणजे दहा-पंधरा प्रकारचा तांदूळ: जुना, नवा, जाड, बारीक, आणि बऱ्याचदा रेशनचा. १ जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य लाभार्थी घरांना मोफत मिळतं, म्हणून काही जण म्हणतात की त्या तांदळाची किंमत शून्य धरावी. मला हे पटत नाही. त्या घराला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं आणि त्यातलं त्यांनी देवाला दिलं. त्यांच्या ताटातून ते कमी झालं. देणाऱ्याला ते कितीला पडलं हा प्रश्नच इथं नाही. समितीचं किती वाचलं, एवढंच पाहायचं. आणि तिथं मात्र कधी कधी उत्तर खरंच शून्य येतं. सगळे तांदूळ एकत्र करून शिजवले, तर काही दाणे कच्चे आणि काही लगदा. जाणता आचारी मिसळ तांदूळ बाजूला ठेवतो, भाताला विकतचाच घेतो. मिसळ तांदळाचा मसालेभात किंवा खिचडी करायची असं आधी ठरवलं असेल, तरच त्याला ४५ रुपये धरता येतात. इथं ठरवलं आहे असं समजून ९०० रुपये धरू.

तर धान्याची किंमत झाली: गहू १०५ किलो, ३,१५०. तूर ३,७५०. तांदूळ ९००. एकूण ७,८००. रोख खर्चात मिळवले, तर ४२,६८५. ताट पडलं ४३ रुपयांना.

गावाच्या तोंडी असतं की धान्य आलं म्हणजे महाप्रसाद झाला. या हिशेबात धान्याचा वाटा पाचव्या हिश्शापेक्षाही कमी आहे. ताट महाग होतं ते तेल, गॅस, आचारी, मंडप आणि पत्रावळ यांनी. म्हणून दानात आणखी पाच पोती गहू आला, तरी ताट एक पैशानंही स्वस्त होत नाही. हजार माणसं १०५ किलोंच्याच पुऱ्या खाणार. उलट, गहू पडून आहे म्हणून पुऱ्या सढळ करा असं कुणी म्हटलं, तर खर्च वाढतो. एक किलो कणकेच्या पुऱ्या दीड-दोनशे ग्रॅम तेल पितात. फुकटच्या प्रत्येक किलो गव्हामागं एकवीस ते अठ्ठावीस रुपयांचं विकतचं तेल जातं. बुंदीचं आणि फोडणीचं तेल धरूनही तीन डब्यांतलं एकतीसेक किलोच खरं खपतं. बाकीचं कढईत उरतं, आणि तळलेल्या तेलाला कुणी पुरा भाव देत नाही, म्हणून तिन्ही डबे या जेवणावरच टाकायचे.

जास्तीचा गहू मग विकला जातो, आणि इथं सर्वांत मोठी चूक होते. समजा तीनशे किलो गहू आला, १०५ लागला, १९५ किलो चोवीस रुपयांनी विकून ४,६८० रुपये आले. समिती ते खर्चातून वजा करते: ३४,८८५ मधून ४,६८० गेले, राहिले ३०,२०५, आणि जाहीर होतं की यंदा ताट तीस रुपयांत पडलं. काहीही स्वस्त झालेलं नाही. तेल तेवढंच लागलं, आचाऱ्यानं तेवढेच घेतले. विकलेला गहू ही मिळालेली देणगी आहे; ती जमेच्या बाजूला राहते. खर्चाच्या बाजूला तिचं काम नाही. तिथं टाकली, तर तीस रुपयांचा आकडा ऐकून पुढच्या वर्षी लोक पैशाऐवजी गहू देतील आणि समितीला कळणारही नाही की तिचा हात का आखडला.

दानाचं धान्य बाहेर ठेवून ताटाचा आकडा सांगण्याची सवय फक्त गावाला आहे असं नाही. शाळेतल्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला शंभर ग्रॅम धान्य केंद्राकडून मोफत येतं आणि बाकी साहित्याचा दर वेगळा असतो. १ मे २०२५ पासून तो दर दिवसाला ६ रुपये ७८ पैसे झाला. लोक म्हणतात, सरकार सात रुपयांत पोराला जेवू घालतं. त्या सात रुपयांत तांदूळ नाही, स्वयंपाकिणीचं मानधन नाही. उलट २०२० मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचा ग्रामीण भागातला दर ३५ रुपये ठरवला, त्यात दहा ग्राहकाचे आणि पंचवीस सरकारचे. आणि या ३५ मध्ये केंद्रचालकानं धान्यासकट सगळं बसवायचं. आपल्या पारावरच्या ३५ ची तुलना लोक याच ३५ शी करतात. दोन्हीकडं आकडा सारखा, पण एकात भात-पोळीचं सगळं धान्य आहे आणि दुसऱ्यात बरंचसं नाही.

आता पुरीऐवजी पोळी करू. कणीक घराघरांत वाटायची, बायांनी पोळ्या लाटून आणायच्या. तळणीचं अठरा किलो तेल वाचलं, म्हणजे २,६४० रुपये. गॅसही थोडा वाचला. ताट अडीच रुपयांनी स्वस्त. समिती खूश. पण हजार पानांना तीन पोळ्या धरल्या, तर तीन हजार पोळ्या. तासाला तीस-चाळीस पोळ्या म्हटलं, तरी पंचाहत्तर ते शंभर तास कुणीतरी चुलीपुढं बसलं. तासाला पन्नास रुपये, म्हणजे काहीच नाही म्हणावं असा दर लावला, तरी ३,७५० ते ५,००० रुपये होतात. मी वर जो नियम सांगितला, की दान नसतं तर किती द्यावं लागलं असतं तीच त्याची किंमत, तो तुरीला लागतो आणि बायांच्या हातांना लागत नाही, असं कसं चालेल? नियम धरला, तर पोळीचं ताट पुरीच्या ताटापेक्षा महाग आहे. ते स्वस्त दिसतं, कारण एक मोठा खर्च वहीबाहेर ठेवला. पोळ्या करू नयेत असं नाही; माझ्या मते पोळीच जेवायला चांगली. पण ‘पोळ्यांमुळं पैसे वाचले’ हे वाक्य हिशेब वाचणाऱ्यानं बोलू नये.

आतापर्यंत वरची रक्कम पाहिली. खरा घोटाळा खालच्या आकड्यात असतो, म्हणजे किती जेवले यात. मंडप, आचारी आणि टँकर मिळून १०,८०० रुपये माणसं कितीही आली तरी लागतात. बाकीचे, धान्यासकट, ताटामागं बत्तीस रुपये माणसांबरोबर वाढतात. हजारांचा स्वयंपाक केला आणि सातशेच आले, तर पत्रावळी तेवढ्या वाचतात, बाकी अन्न शिजून गेलेलं असतं. ताट साठच्या आसपास जातं. हजारांवर माणूस आला, तर तो पस्तीसलाही पडत नाही आणि त्रेचाळीसलाही नाही, बत्तीसला पडतो. पण ते बत्तीस सगळे रोख. दानाचं धान्य हजारात संपलं, पुढच्या प्रत्येक माणसाची डाळ दुकानातून. शेवटच्या पंगतीला वरण पातळ होतं ते एवढ्यासाठीच.

आणि किती जेवले हे कुणी मोजत नाही, बोलतात. ‘दोन हजार पान उठलं’ असं सहज म्हटलं जातं. पत्रावळीचे गठ्ठे शंभराचे असतात, म्हणून फोडलेले गठ्ठे मोजणं हा एक मार्ग. पण वारा असला की लोक दोन पत्रावळी एकावर एक घेतात, आणि घरच्या म्हाताऱ्यासाठी डबा भरून नेणारा पत्रावळ घेतच नाही. म्हणून दुसरी तपासणी तांदळाची. वरण पाण्यानं वाढतं, भाजीत आलू वाढवता येतो, भात वाढवता येत नाही. ऐंशी किलो तांदूळ शिजला आणि दोन हजार जेवले म्हटलं, तर माणशी चाळीस ग्रॅम आला. शिवभोजनात दीडशे ग्रॅम भात मिळतो, त्यालाच पन्नास-साठ ग्रॅम तांदूळ लागतो. महाप्रसादाला आलेला खाणीतला किंवा भट्टीवरचा माणूस त्याहून कमी भात खाऊन उठला, यावर माझा विश्वास नाही. तिथं दोन हजार जेवले नाहीत, एवढंच त्यातून निघतं.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांना उत्तर फळ्यावर मिळतं. समिती अन्नदानाचे यजमान शोधते: शंभर ताटांचे इतके रुपये द्या, नाव लागेल. दर पस्तीसचा धरला, तर साडेतीन हजारांत शंभर ताटं त्या यजमानाच्या नावावर जातात. पण त्या प्रत्येक ताटातले जवळपास आठ रुपये गहू, तूर आणि तांदूळ देणाऱ्या घरांचे आहेत. त्यांचं नाव फळ्यावर नसतं. असलं तर ‘धान्यदाते’ म्हणून एका ओळीत, आकड्याशिवाय. ५०१ ची पावती फाडणाऱ्याचं नाव रकमेसह येतं आणि दहा किलो तूर, म्हणजे ७५० रुपये, देणाऱ्याचं तसं येत नाही. आयकराच्या ८०जी कलमातही वस्तुरूपानं दिलेल्या दानाला सवलत नाही. शेतकऱ्याला तिची गरजही नसते. पण गावच्या वहीला तरी तो नियम लागू नाही.

म्हणून माझ्या मते यजमानाचा दर त्रेचाळीसचा सांगावा, आणि धान्यही त्याच दरानं ताटांत लिहावं. ७,८०० रुपयांचं धान्य म्हणजे १८१ ताटं. दहा किलो तूर देणाऱ्याची सतरा. पंचवीस किलो गहू देणाऱ्याचीही तेवढीच, पण फक्त पहिल्या १०५ किलोंत तो बसला तर. त्यानंतर आलेल्या गव्हाला चोवीसचा भाव, म्हणजे चौदा ताटं. हा नियम आधीच सांगितला, तर उशिरा गहू आणणारा स्वतःहून विचारेल की गहूच हवा का आणखी काही. त्याला सांगता येईल की तूर आण, तीही पंधरा दिवस आधी, किंवा चार घरं मिळून तेलाचा एक डबा आणा. एक डबा म्हणजे एक्कावन्न ताटं. पक्का दर मात्र पंगत उठल्यावरच निघतो, गठ्ठे आणि तांदूळ मोजून झाल्यावर. त्यामुळं यजमानांचा फळा उत्सवाच्या आदल्या दिवशी रंगवून ठेवता येणार नाही, आणि समितीत या सूचनेला विरोध होईल तो बहुधा याच मुद्द्यावर.